घट्ट मिठी, जड पांघरूण आणि घाबरलेले मूल

प्रश्न: माझा मुलगा 11 वर्षांचा आहे, वजन 34 किलो. लहानपणापासून तो पटकन घाबरतो. घाबरला की जवळ येऊन “आई, घट्ट धर” म्हणतो आणि घट्ट मिठी मारली की खरोखर शांत होतो. पण रडून-ओरडून तो हाताबाहेर गेला असताना त्याच्या बाबांनी मागून कवेत घेतले, तर आणखी बिथरतो, लाथा मारतो. असे का होते? घरातील एक वडीलधारी व्यक्ती म्हणते, चादरीत घट्ट गुंडाळून ठेवा, दमला की शांत होईल. त्याला रात्री झोप लागायला तास-दीड तास लागतो, म्हणून आम्ही 7 किलोचे वजनदार ब्लँकेट घेण्याच्या विचारात आहोत. ते चालेल का? धाकटी मुलगी 2 वर्षांची आहे आणि ती त्याच खोलीत झोपते. शिवाय हल्ली शाळेला निघताना तो पुन्हा पुन्हा मिठी मागतो, दार ओलांडत नाही, आणि आठवड्यातून एखादा दिवस शाळा बुडतेच. मिठी देऊन मी त्याचे नुकसान तर करत नाही ना?

उत्तर:

ताई,

तुमच्या मिठीत आणि त्याच्या बाबांच्या कवेत हातांचा जोर कदाचित सारखाच असेल. फरक आहे तो दाबाची सुरुवात आणि शेवट कोण ठरवते यात. तुमच्याकडे तो स्वतः चालत येतो, काय हवे ते सांगतो, समोरून तुमचा चेहरा पाहतो आणि पुरे झाले की सुटून जातो. बाबांचे हात मात्र मागून येतात, त्याने न मागता येतात, आणि तो सुटायला धडपडला की अधिक आवळतात. घाबरलेल्या शरीराच्या दृष्टीने पहिली गोष्ट आधार असते आणि दुसरी पकड असते. पकडले गेल्यावर झटापट करणे ही शरीराची अगदी मूळची प्रतिक्रिया आहे. त्यात हट्टीपणा नाही आणि बाबांवर राग आहे असेही नाही.

टेंपल ग्रँडिन यांच्या अनुभवातून हे फार स्पष्ट दिसते. पुढे पशुवर्तनाच्या प्राध्यापक झालेल्या या स्वमग्न अमेरिकी संशोधिकेला लहानपणी कोणी मिठी मारली की ती सहन होत नसे. त्या ताठ होऊन दूर सरत. त्याच वेळी घट्ट दाबाची त्यांना तीव्र ओढही असे. अ‍ॅरिझोनात मावशीच्या पशुपालन फार्मवर त्यांनी गुरांना लस टोचताना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा पिंजरा पाहिला, त्यात काही जनावरे शांत होतात हे त्यांच्या लक्षात आले, आणि 1960च्या दशकात त्यांनी स्वतःसाठी दोन गादीदार फळ्यांमधून दाब देणारे यंत्र बनवले. त्या यंत्रातील सर्वांत मोलाचा भाग माझ्या मते फळ्या नसून दांडा होता. दाब किती वाढवायचा, केव्हा कमी करायचा, बाहेर केव्हा पडायचे, हे आतली व्यक्ती त्या दांड्याने स्वतः ठरवत असे. माणसाची मिठी ज्यांना सोसत नव्हती, त्यांना त्याहून जोरदार दाब सोसला, कारण त्याचा ताबा त्यांच्याकडे होता. 1992 साली त्यांनी या विषयावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. हळूहळू येणारा, स्थिर राहणारा दाब शांत करतो आणि अचानक किंवा धक्क्याधक्क्याने आलेला दाब माणसालाही आणि जनावरालाही चेतवतो, हे निरीक्षण त्यांच्या कामात वारंवार येते.

शरीरात काय होते ते थोडक्यात सांगते. त्वचेत आणि त्याखालच्या थरांत स्पर्श टिपणारी वेगवेगळ्या प्रकारची मज्जातंतूंची टोके असतात. अंगावरून काहीतरी ओझरते गेले की आपण सावध होतो, कारण तो किडा असू शकतो, परका हात असू शकतो. मोठ्या भागावर पसरलेला, न हलणारा दाब मेंदूला निराळीच माहिती देतो: आपले शरीर कुठे संपते, ते कशावर टेकले आहे, आणि आसपास काही बदलत नाही. घाबरलेल्या माणसाच्या मेंदूकडे येणाऱ्या गोंधळलेल्या माहितीत हा एक ठळक, अंदाज बांधता येणारा धागा असतो. बहुतेक लोकांचा श्वास अशा वेळी थोडा लांबतो आणि खांदे उतरतात. वजनदार ब्लँकेटच्या जाहिरातींत अमुक रसायन वाढते, तमुक संप्रेरक घटते अशी विधाने ठामपणे केलेली असतात. त्यांच्यामागे तितका ठाम पुरावा नाही, म्हणून त्यांच्या भरवशावर खरेदीचा निर्णय घेऊ नये.

या यंत्रणेची एक मर्यादा मात्र रोजच्या वापरात फार उपयोगी पडते. स्थिर दाबाची जाणीव काही वेळाने बोथट होते. मनगटावरचे घड्याळ बांधल्यावर थोड्या वेळाने जसे जाणवेनासे होते, तसेच मिठीचे होते. त्यामुळे अर्धा तास आवळून धरल्याने पाच मिनिटांच्या सहापट शांतता मिळत नाही. थोडा वेळ दाब, मग पूर्ण सैल, आणि मुलाने मागितला तर पुन्हा, अशा रीतीने दिलेला दाब अधिक उपयोगी ठरतो. मूल “अजून घट्ट, अजून घट्ट” म्हणत राहते तेव्हा अनेकदा जोर कमी पडलेला नसतो, जाणीव विरलेली असते. अशा वेळी जोर वाढवण्याऐवजी मिठी सोडून अर्धा मिनिट थांबावे.

आता मिठीची पद्धत. तुम्ही ती अंदाजाने बरीच बरोबर देत आहात, पण बाबांनाही ती शिकता यावी म्हणून सविस्तर लिहिते. मुलाच्या समोर किंवा बाजूला, त्याला दिसेल असे बसा आणि विचारा: “मिठी हवी, की फक्त खांदे दाबू, की काहीच नको?” घाबरलेल्या मुलाला लांबलचक प्रश्न पेलत नाही, म्हणून हे तीन पर्याय शांत वेळी ठरवून ठेवा, ऐन वेळी त्याने एक, दोन किंवा तीन बोटे दाखवली तरी पुरे. दाब द्यायची जागा म्हणजे खांदे, दंड आणि पाठीचा वरचा भाग. मान, पोट आणि छातीची पुढची बाजू दाबायची नाही. बोटे रुतवू नका. तळवे सपाट ठेवा. जोर तीन-चार सेकंदांत हळूहळू वाढवा, मग स्थिर राहा. थोपटणे, चोळणे, डोलणे, कानाशी समजूत घालत राहणे, हे प्रेमाने होते, पण त्या क्षणी नव्या संवेदनांची भर पडते आणि स्थिरपणा मोडतो. त्याचा श्वास तुमच्या हातांना जाणवायला हवा. त्याला एक पूर्ण वाक्य सहज बोलता येत नसेल, तर दाब जास्त आहे. सोडतानाही झटकन हात काढू नका, जसा वाढवला तसाच कमी करत आणा.

थांबण्याची खूण बोलण्यावर अवलंबून नसावी. त्याने तुमच्या पाठीवर किंवा हातावर दोनदा टकटक केली की मिठी तत्क्षणी सुटली पाहिजे, “बस, एवढे पाच सेकंद” असेही म्हणायचे नाही. शांत असताना हा खेळ म्हणून चार-सहा वेळा करून पाहा आणि प्रत्येक वेळी खरोखर सोडा. ही खूण नक्की पाळली जाते असा विश्वास बसल्यावर मुले अधिक निर्धास्तपणे मिठीत शिरतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. खूण न करताही शरीर बोलते. त्याने अंग ताठ केले, मान वळवली, श्वास रोखला, कोपर मध्ये घातले किंवा चेहरा लाल झाला, तर दाब त्याला नको आहे असेच समजावे. उलट त्याने स्वतःचे वजन तुमच्यावर टाकले, एक लांब उसासा सोडला, मुठी उघडल्या, तर दाब लागू पडला आहे.

तो ओरडत असतानाचा प्रसंग वेगळा आहे. त्या टप्प्यावर तो काही मागू शकत नाही, पर्याय निवडू शकत नाही आणि स्पर्शाचा अर्थही नीट लावू शकत नाही, म्हणून त्या वेळी दाब हे साधनच नाही. बाबांनी त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर, थोडे तिरके, शक्य तर खाली बसावे, धाकटीला दुसऱ्या खोलीत न्यावे, आसपासच्या टोकदार वस्तू हलवाव्यात आणि शब्द कमीत कमी ठेवावेत. “मी इथे आहे” एवढे एकदा म्हणणे पुरेसे असते. जवळ एक मोठी जाड उशी ठेवता येईल. बरीच मुले लाट ओसरू लागली की स्वतःच ती छातीशी आवळून धरतात. मिठीचा प्रश्न त्यानंतर विचारावा.

मुलाला धरावेच लागते असा प्रसंग एकच: तो धावत रस्त्यावर चालला आहे किंवा स्वतःला वा दुसऱ्याला खरी इजा करणार आहे. तेव्हा धरणे हा बचाव आहे आणि धोका टळला की तो त्याच क्षणी संपला पाहिजे. अशा वेळीही मुलाला पालथे पाडणे, त्याच्या पाठीवर, छातीवर किंवा मानेवर वजन टाकणे अत्यंत धोकादायक असते. नंतर तो शांत झाल्यावर बाबांनी सरळ सांगावे, “तू पडशील म्हणून मी तुला धरले, ती मिठी नव्हती.” या दोन गोष्टी मुलाच्या मनात एक झाल्या, तर हवीशी मिठीही नकोशी होऊ लागते.

चादरीत गुंडाळण्याच्या सल्ल्याला मात्र ठाम नकार द्या, आणि घरात तो पुन्हा निघाला तर पुढचा परिच्छेद वाचून दाखवा.

गुंडाळलेले मूल दमून निपचित पडले की ते शांत झाले असे वाटते, पण बाहेरून या दोन अवस्थांत फरक करता येत नाही. हात अंगाशी बांधले गेले की मुलाला तोंडावरचे कापड दूर करता येत नाही, कूस बदलता येत नाही, आणि छाती प्रसरण पावायला जागा कमी होते. अमेरिकेतील कोलोरॅडोत 2000 साली ‘पुनर्जन्म’ नावाच्या तथाकथित उपचारात 10 वर्षांच्या एका मुलीला चादरीत गुंडाळून वरून उशांनी दाबण्यात आले; श्वास घेता येत नाही असे ती वारंवार सांगत होती, तरी ते थांबवले नाही आणि ती गुदमरून मरण पावली. पुढच्या वर्षी त्या राज्याने कायदा करून या प्रकारावर बंदी घातली. कॅनडातील क्वेबेकमध्ये 2008 साली 9 वर्षांचा एक स्वमग्न मुलगा शाळेत वजनदार ब्लँकेटमध्ये गुंडाळला गेलेल्या अवस्थेत मरण पावला. यांतील कोणालाही मुलाचा जीव घ्यायचा नव्हता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. सुटण्याचा अधिकार मुलाकडून मोठ्यांकडे गेला आणि मुलाच्या धडपडीचा किंवा स्तब्धतेचा चुकीचा अर्थ लावला गेला.

ब्लँकेटकडे वळू. 7 किलो म्हणजे तुमच्या मुलाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक, आणि ते त्याच्यासाठी घेऊ नये. शरीराच्या वजनाच्या सुमारे दहा टक्के, हा प्रचलित ठोकताळा आहे. त्यानुसार 34 किलोच्या मुलाला साधारण 3 ते साडेतीन किलो येतात. हा आकडा कोणत्याही प्रयोगातून सिद्ध होऊन आलेला नाही, तो सावधगिरीचा संकेत आहे. त्यामुळे त्याच्या खाली राहायला हरकत नाही, वर जाऊ नये.

ब्लँकेटकडून अपेक्षा कोणती ठेवायची, हे वजनाहून महत्त्वाचे आहे. ब्रिटनमध्ये स्वमग्न मुलांवर झालेल्या आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 67 मुलांनी काही दिवस वजनदार आणि काही दिवस दिसायला तसेच पण हलके ब्लँकेट वापरले. झोप मनगटावरच्या यंत्राने मोजली गेली. वजनदार ब्लँकेटने मुले एकूण जास्त वेळ झोपली नाहीत, लवकर झोपी गेली नाहीत, आणि रात्री उठण्याचे प्रमाणही घटले नाही. तरीही मुलांना आणि पालकांना वजनदार ब्लँकेटच अधिक आवडले. स्वीडनमधील 2020च्या अभ्यासात नैराश्य, चिंता, द्विध्रुवी विकार किंवा लक्ष टिकवणे अवघड करणारा एडीएचडी असलेल्या आणि झोप न येणाऱ्या 120 प्रौढांना चार आठवड्यांसाठी 6 ते 8 किलोचे किंवा दीड किलोचे ब्लँकेट देण्यात आले. तेथे जड ब्लँकेटवाल्यांचा निद्रानाश बराच कमी झाला. पण ते प्रौढ होते, त्यांनी स्वतः सांगितलेल्या त्रासावर मोजमाप मुख्यतः आधारलेले होते, आणि आपल्या अंगावरचे ब्लँकेट जड आहे की हलके हे कोणापासून लपवता येत नाही. या दोन अभ्यासांवरून मी असा अर्थ काढते की काहींना त्याखाली बरे वाटते आणि ते बरे वाटणे खरे आहे, पण मुलाच्या झोपेची वेळ बदलण्याचे साधन म्हणून ते घेतले तर बहुधा निराशा होईल.

म्हणून आधी खरेदी नको, आधी नोंद. दोन आठवडे काहीही न बदलता एका वहीत रोज चारच गोष्टी लिहा: दिवा कधी मालवला, अंदाजे कधी झोप लागली, रात्री कितीदा उठला, आणि झोपेआधी त्याच्या मते घाबरणे दहापैकी किती होते. याच काळात दिवसा, जागेपणी, तुमच्यासमोर त्याला मांडीवर ठेवायची छोटी जड गादी देऊन पाहा, साधारण एक किलोची. ती दहा मिनिटे ठेवायची आणि त्याला वाटेल तेव्हा त्याने काढायची. काही मुलांना जड वस्तू अजिबात आवडत नाही, त्यांना त्याखाली अडकल्यासारखे वाटते, आणि हे मोठा खर्च करण्यापूर्वी कळलेले बरे. त्याला ती आवडली, तर सुमारे 3 किलोचे ब्लँकेट आणा आणि पहिल्या काही दिवसांत ते जागेपणी फक्त पायांवर, कमरेपर्यंत घेऊ द्या.

यानंतरची परीक्षा मी कधीच गाळत नाही. त्याला पाठीवर झोपवून ब्लँकेट खांद्यांपर्यंत घाला आणि ते एकट्याने, कोणाच्या मदतीशिवाय, पटकन बाजूला सारायला सांगा. मग कुशीवर झोपवून तेच करायला सांगा. मग अंधारात. यांपैकी एकाही वेळी त्याला धडपडावे लागले, तर ते ब्लँकेट त्याच्यासाठी जड किंवा मोठे आहे. तो पार झाला, तरी रात्री ते डोक्यावरून घ्यायचे नाही, कडा गादीखाली खोचायच्या नाहीत, ते पलंगाच्या बाजूंनी खाली लोंबू द्यायचे नाही, कारण लोंबणारे वजन त्याला पलंगाबाहेर ओढते किंवा एका बाजूला खेचते. त्याला झोप लागली की पहिले काही आठवडे तुम्ही हळूच ते काढून नेहमीचे पांघरूण घाला. घाम येतो का, घोरतो का, श्वास थांबल्यासारखा होतो का, हे पाहत राहा. दमा, झोपेत श्वास अडणे, झटके, हृदयाचा त्रास किंवा स्नायूंचा अशक्तपणा यांपैकी काही असेल, तर बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय यातले काहीच सुरू करू नका.

धाकटीसाठी नियम साधा आहे: हे ब्लँकेट तिच्या हाती लागता कामा नये. ती ते अंगावरून बाजूला करू शकणार नाही. दोघे एका खोलीत झोपतात, म्हणून सकाळी ते कुलूपबंद कपाटात जाऊ द्या, आणि रात्री ती त्याच्या पलंगावर चढत असेल तर काही काळ तिची झोपण्याची जागा बदला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022च्या मार्गदर्शनात तान्ह्या बाळांसाठी वजनदार ब्लँकेटे, वजन घातलेले झोपेचे कपडे आणि दुपटी, सगळेच निषिद्ध ठरवले आहे. त्याच वर्षी तेथे 4 आणि 6 वर्षांच्या दोन मुली अशा ब्लँकेटच्या खोळीत शिरून आत अडकल्या आणि मरण पावल्या, आणि त्या प्रकारची सुमारे दोन लाख ब्लँकेटे बाजारातून परत मागवण्यात आली. म्हणून विकत घेताना खोळीची चेन लहान मुलाला उघडता येते का हे पाहा. उघडत असेल तर ती शिवून टाका.

आता सकाळच्या मिठ्यांकडे येते, कारण पत्रातला माझ्या मते सर्वांत नाजूक भाग तोच आहे. मिठीमुळे तो बिघडत नाही. पण मिठी कशाच्या आधी येते, हे पाहायला हवे. मिठी झाली आणि तो दाराबाहेर पडला, तर तिने त्याला अवघड गोष्ट करायला मदत केली. मिठी, मग दार, मग परत मिठी, मग दहा मिनिटे, मग शाळा बुडणे, असा क्रम असेल, तर दर वेळी त्याच्या मेंदूला कळते ते एवढेच की दाराकडे गेल्यावर भीती वाढते आणि मागे फिरल्यावर ती उतरते. उतरण्याचे श्रेय मागे फिरण्याला मिळते, आणि दुसऱ्या दिवशी दार थोडे अधिक अवघड होते. येथे मिठी बंद करू नका. तिची जागा बदला. आदल्या रात्री त्याच्याशी ठरवा की घरात, बूट घालण्यापूर्वी, एक भरपूर मिठी. त्यानंतर बूट, दप्तर, दार आणि बाहेरच्या पायरीवर एक छोटी मिठी. आत परत येऊन मिठी नाही. पहिल्या दिवसांत तो विरोध करील आणि तुमचा जीव कासावीस होईल. तेव्हा “घाबरला आहेस हे मला दिसते, आणि आपण पायरीपर्यंत जातो आहोत” हेच वाक्य तेवढ्याच शांतपणे पुन्हा म्हणा.

याबरोबर त्याला स्वतःचा दाब स्वतः द्यायला शिकवा, कारण वर्गात मिठी मारायला कोणी नसते आणि आणखी दोन वर्षांत त्यालाच ती सर्वांसमोर नको होईल. तळहात छातीसमोर जोडून एकमेकांवर दहा सेकंद जोराने दाबणे, खुर्चीच्या कडा धरून स्वतःला किंचित वर उचलणे, दोन्ही हातांनी भिंत ढकलणे, स्वतःचे दंड विरुद्ध हातांनी आवळणे, या कृतींत स्नायू आणि सांधे जोराने काम करतात आणि त्यातून मिळणारी जाणीव मिठीच्या जाणिवेच्या जवळची असते. त्यांतल्या बाकावर बसून कोणाच्या लक्षात न येता करता येतील अशा दोन त्याला निवडू द्या आणि त्या शांत असतानाच रोज करून घ्या. ऐन भीतीत नवी गोष्ट सुचत नाही. वजन घातलेली जाकिटे शाळेसाठी सुचवली जातात, पण त्यांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्यांना भरवशाचा फायदा आढळलेला नाही, म्हणून त्यांवर खर्च करू नका.

हे सगळे नीट जमले तरी दाब भीतीचे कारण बदलत नाही. तो लाट खाली आणतो. लाट का येते, हे तसेच राहते. आठवड्याला एक दिवस शाळा बुडत असेल, तर हा टप्पा घरच्या घरी सांभाळत बसण्याचा नाही. मुलांच्या चिंतेवर सर्वाधिक आधार असलेला मानसोपचार म्हणजे भीतीच्या गोष्टीला ठरवून, लहान पायऱ्यांनी सामोरे जायला शिकवणारी वर्तन-विचार उपचारपद्धती, आणि ती बालमानसतज्ज्ञ देतात. शाळेत त्याला कोणी छळत आहे का, वाचताना-लिहिताना तो अडतो आहे का, आवाज आणि गर्दी त्याला असह्य होते का, हे त्यांनी पाहायला हवे. स्पर्श, आवाज, कपडे यांबाबत तो लहानपणापासून फार संवेदनशील असेल, तर संवेदना आणि रोजची कामे हाताळायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टचे मूल्यमापनही उपयोगी ठरेल. मात्र दाबाचे तंत्र हाच संपूर्ण उपचार आहे असे कोणी सांगितले, तर दुसरे मत घ्या.

काही गोष्टी दिसल्या तर वेळ ठरण्याची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. तो दुखेपर्यंत दाब मागू लागला, डोके आपटून घेऊ लागला, स्वतःला चावू लागला, गळ्याभोवती काही आवळताना दिसला, मरणाविषयी बोलला, किंवा खाणे अचानक घटले, तर त्याला मिठीपलीकडची मदत तातडीने हवी आहे. गळ्याभोवती आवळण्याची सवय मुले एकमेकांकडून शिकतात आणि ती जीवघेणी असते. याविषयी त्याच्याशी आत्ताच, सरळ शब्दांत बोलून ठेवा.

बालमानसतज्ज्ञांकडे जाल तेव्हा दोन आठवड्यांची वही सोबत न्या आणि शक्य असेल तर त्याच्या बाबांनाही न्या, कारण मुलगा कधी मिठी मागतो आणि कधी नाकारतो हे तुम्ही दोघे निरनिराळ्या बाजूंनी पाहता. तोवर मिठी देत राहा, त्याच्या खुणेवर सोडत राहा, आणि 7 किलोचे ब्लँकेट घेऊ नका.